चिकट गोळा, रक्ताचा डाग की पाणी: नवव्या महिन्यातला ओलेपणा कसा ओळखायचा

पहिलंच बाळंतपण आहे, ३८ आठवडे ३ दिवस झालेत. परवाच्या तपासणीत डॉक्टरांनी आतून तपासलं. काल सकाळी शेंबडासारखा घट्ट गोळा आला, त्यात तपकिरी रेघ होती. आज दुपारपासून चड्डी दोनदा ओली झाली, पण कळा नाहीत. आई म्हणते अंगावरून पांढरं जातंय, सासूबाई म्हणतात पाणी गेलं असेल. हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर आहे. हे वेगवेगळं कसं ओळखायचं, आणि मी थांबू की जाऊ?

कालच्या गोळ्यासाठी धावपळ करायची गरज नाही. आजच्या ओलेपणासाठी मात्र आजच तपासून घ्या, उद्यावर टाकू नका. निघण्याआधी घरी तासाभरात एक साधी चाचणी करता येते, ती पुढे सांगते. पण पाणी हिरवट किंवा तपकिरी दिसलं, ताजं लाल रक्त वाहू लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा ताप आला, तर चाचणीत वेळ घालवू नका, लगेच निघा. ३७ आठवडे पूर्ण झाले नसतील तर यातली कुठलीही खूण दिसली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. तुमचे ३७ पूर्ण झाले आहेत, म्हणून चाचणीपुरता वेळ तुमच्याकडे आहे.

आधी गोळ्याबद्दल. गर्भपिशवीच्या तोंडात नऊ महिने दाट, चिकट स्राव साठून बुचासारखा बसलेला असतो. योनीमार्गातले जंतू वर जाऊ नयेत म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे. यालाच म्युकस प्लग म्हणतात. दिवस भरत आले की गर्भपिशवीचं तोंड मऊ होतं, आखूड होतं, थोडं उघडतं आणि हा स्राव सुटून येतो. तो सगळा मिळून साधारण एक ते दोन मोठे चमचे भरेल एवढा असतो. कुणाला एकदम लगदा दिसतो, कुणाला तीन-चार दिवस थोडाथोडा येतो, तर कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण तो संडासात वाहून जातो. रंग पारदर्शक, पांढरट, पिवळसर किंवा तपकिरी रेघांचा असू शकतो. बोटांत धरला तर तार ताणली जाते. पांढरं जाण्यात अशी तार सहसा दिसत नाही.

गोळा पडला म्हणजे आज रात्री बाळंतपण, असं घरोघरी ऐकायला मिळतं. ते खरं नाही. तो पडल्यावर काही तासांत कळा सुरू होतात, तसंच एक-दोन आठवडे काहीच न होताही जातात. गर्भपिशवीच्या तोंडातल्या ग्रंथी स्राव बनवत राहतात, त्यामुळे तो पुन्हा थोडा साठतोही. म्हणून गोळा पाहून ॲडमिट व्हायचं कारण नाही आणि कळा आणण्यासाठी एरंडेल तर अजिबात घेऊ नका. त्याने जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि बाई खऱ्या कळा सुरू व्हायच्या आधीच थकून जाते.

तपकिरी रेघेकडे बघताना तुमच्या परवाच्या तपासणीचा हिशेब धरावा लागेल. या दिवसांत गर्भपिशवीच्या तोंडाला रक्तपुरवठा भरपूर असतो. आतून तपासताना बोट लागलं तरी तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. ते रक्त स्रावात मिसळून बाहेर यायला एक-दोन दिवस लागतात, आणि जुनं झालेलं असल्यामुळे ते तपकिरी दिसतं. शरीरसंबंधानंतरही हेच होतं. म्हणजे तुमची कालची रेघ बहुधा परवाच्या तपासणीची आहे, तिच्यावरून कळांचा अंदाज बांधता येणार नाही. तपासणी झालेली नसताना, तोंड आपोआप उघडू लागल्यामुळे जो गुलाबी किंवा लालसर चिकट स्राव येतो तो खरा 'शो'. त्याच्यासोबत किंवा थोड्या वेळाने ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या तर त्याला जास्त अर्थ आहे.

रक्ताच्या बाबतीत रंगाइतकंच प्रमाण महत्त्वाचं. शोमध्ये रक्त स्रावात मिसळलेलं असतं आणि सगळं मिळून एक-दोन चमच्यांच्या पुढे जात नाही. पुसल्यावर कापडाला लागतं, पण वाहत नाही. पाळीसारखं वाहू लागलं, गाठी पडल्या किंवा पॅड भिजू लागलं तर तो शो नव्हे. अशा वेळी वार खाली असण्याची किंवा वार वेळेआधी सुटू लागल्याची शंका घ्यावी लागते. वार खाली असेल तर बहुतेक वेळा दुखत नाही आणि रक्त लालभडक असतं. वार सुटत असेल तर पोट दगडासारखं कडक होतं, दुखणं सलग राहतं, कळांसारखं येऊन जात नाही. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: वार सुटली तरी रक्त आतच साठू शकतं. त्यामुळे बाहेर थोडंच दिसलं म्हणून निश्चिंत राहू नका. पोट सतत कडक आणि दुखरं असेल तर रक्त नसतानाही निघायचं, विशेषतः रक्तदाब वाढलेला असेल तर. तुमचा शेवटचा सोनोग्राफीचा कागद काढून वार कुठे आहे ते एकदा वाचून घ्या. वार खाली आहे असं लिहिलं असेल तर रक्ताचा साधा डागही दाखवावा लागतो, आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणी आतून तपासण्याआधी तुम्ही हे स्वतः सांगायचं.

आता तुमचा खरा प्रश्न: पाणी. पाणमोट फुटली की धबधब्यासारखं पाणी जातं असं चित्र मनात पक्कं बसलेलं असतं, आणि त्यामुळेच बारीक गळती लक्षात येत नाही. पाणमोट खाली, तोंडाजवळ फाटली तर धार लागते. ती वरच्या बाजूला फाटली, किंवा बाळाचं डोकं खाली घट्ट बसलेलं असलं, तर पाणी झिरपत राहतं. चड्डी ओली होते, थोडा वेळ काही नाही, पुन्हा ओली. तुम्ही वर्णन करताय ते याच्याशी जुळतं. ते लघवीशीही जुळतं आणि पातळ पांढऱ्या स्रावाशीही जुळतं. नुसत्या वर्णनावरून घरातलं कुणीच, आईही आणि सासूबाईही, हे ठरवू शकत नाही.

म्हणून पॅडची चाचणी करा. आधी लघवी करून मूत्राशय पूर्ण रिकामं करा. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुऊन कोरडा पुसा. आत पाणी मारायचं नाही, साबण किंवा वॉश आत लावायचा नाही. मग कोरडी चड्डी आणि पांढरं पॅड घ्या. पॅड बिनवासाचं आणि शक्यतो कापसाचं असावं. जेलच्या पातळ पॅडमध्ये पाणी आत शोषलं जातं आणि वरचा थर कोरडाच लागतो, त्यामुळे फसगत होते. कापसाचं पॅड नसेल तर धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाची घडी चालेल. टॅम्पॉन किंवा कप वापरू नका आणि बोट आत घालून बघू नका. वेळ लिहून ठेवा.

आता अर्धा तास डाव्या कुशीवर पडा. या वेळात गळणारं पाणी योनीमार्गाच्या मागच्या भागात साठतं. मग उठून उभ्या राहा आणि दोन-तीनदा खोका. पाणी असेल तर साठलेलं उभं राहताच एकदम खाली येतं. त्यानंतर अर्धा तास घरात चाला आणि पॅड उजेडात बघा.

पाणी असेल तर पॅड पसरून ओलं होतं, हाताला जड लागतं, डाग जवळजवळ बिनरंगाचा किंवा फिकट गुलाबी असतो आणि लघवीचा वास येत नाही. काहींना तो वास किंचित गोडसर वाटतो. पाण्यात कधीकधी पांढरे कणही दिसतात. ते बाळाच्या अंगावरच्या चिकट थराचे असतात, त्यांची काळजी नको. नेहमीचं पांढरं जात असेल तर डाग मधोमध, वरवर बसतो, दुधासारखा दिसतो, आणि सुकल्यावर पिवळसर कडक पापुद्रा राहतो. पॅड जड होत नाही. नवव्या महिन्यात हे पांढरं बरंच वाढतं, चड्डी बदलावी लागेल इतकं, पण ते चिकट असतं, पाण्यासारखं झिरपत नाही. लघवी असेल तर डाग पिवळा, वास ओळखीचा, आणि ती खोकताना, शिंकताना किंवा बाळाने लाथ मारताच एकदम सुटते व थांबते. एक सावधगिरी: भरपूर पाणी पिणाऱ्या बाईची लघवीही जवळजवळ बिनरंगाची असते. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका, रिकाम्या मूत्राशयानंतरही ओलेपणा परत येतो का ते बघा.

घरात भाजी तोलायचा छोटा वजनकाटा असेल तर कोरडं आणि ओलं पॅड वजन करून फरक काढा. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. तासाभरात पंधरा-वीस ग्रॅम वाढलं तर तो स्राव असण्याची शक्यता फार कमी. मात्र फरक थोडा आला म्हणून पाणी नाही असं सिद्ध होत नाही. ओलं पॅड टाकून देऊ नका. पिशवीत घालून सोबत न्या, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना रंग आणि प्रमाण दोन्ही कळतं.

स्राव दह्यासारखा फुटका आणि खाज येणारा असेल तर बुरशीचा संसर्ग, राखाडी पातळ आणि माशासारखा वास असेल तर जिवाणूंचा. ही कळांची लक्षणं नाहीत, पण उपचार लागतात, तेव्हा डॉक्टरांना सांगा.

तुमची चाचणी कशीही आली तरी आज तपासायला जा, असं मी म्हणते. त्याचं कारण असं की पाणमोट फाटली की बाळ आणि बाहेरचे जंतू यांच्यातला पडदा जातो आणि तेव्हापासून घड्याळ सुरू होतं. दिवस भरलेल्या बायकांमध्ये, कळा नसताना पाणी जाण्याचं प्रमाण शंभरात साधारण आठ ते दहा आहे, म्हणजे हे दुर्मीळ नाही. असं पाणी गेलेल्या शंभर जणींपैकी साधारण साठ जणींना चोवीस तासांत आपोआप कळा सुरू होतात. पण पाणी जाऊन अठरा तास होत आले तर बाळाच्या संसर्गापासून बचावासाठी सहसा अँटिबायोटिक सुरू करतात. हे तास मोजायचे तर सुरुवात माहीत हवी. म्हणून आज दुपारी चड्डी पहिल्यांदा किती वाजता ओली झाली ते आत्ताच कागदावर लिहा. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न हाच असेल.

कळा नसताना वाट बघावी की औषधाने आणाव्यात, याबद्दल १९९६ साली प्रसिद्ध झालेला पाच हजारांहून अधिक बायकांचा मोठा अभ्यास आहे. कळा लगेच आणल्या किंवा चार दिवसांपर्यंत थांबलं, तरी बाळाला होणारा संसर्ग आणि सिझेरियनचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. मात्र सलाईनमधून ऑक्सिटोसिन देऊन लवकर कळा आणलेल्या बायकांना स्वतःला संसर्ग कमी झाला. म्हणून पाणी गेल्याचं नक्की झालं की बरेच डॉक्टर फार दिवस थांबत नाहीत. 'पाणी गेलं म्हणजे सिझेरियन' हा समज मात्र चुकीचा आहे. तसंच 'सगळं पाणी संपेल आणि बाळ कोरडं पडेल' हीही भीती धरू नका. बाळ लघवी करून पाणी बनवतच राहतं, दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त. काळजी असते ती संसर्गाची, आणि पाणी कमी झाल्यावर कळांमध्ये नाळेवर येणाऱ्या दाबाची. ती काळजी बाळाचे ठोके बघत राहून घेता येते.

हॉस्पिटलमध्ये निर्जंतुक स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून आत बघायचं साधन, घालून योनीमार्गाच्या मागच्या भागात पाणी साठलंय का, खोकल्यावर गर्भपिशवीच्या तोंडातून झिरपतंय का ते बघतात. पाणी दिसलं की प्रश्न मिटतो. दिसलं नाही तर निळा होणारा कागद लावतात, कारण गर्भजल अल्कधर्मी असतं आणि योनीमार्ग आम्लधर्मी. पण या कागदाला रक्त, वीर्य आणि जिवाणूंचा संसर्गही निळं करतात. तुमच्या स्रावात रक्ताचा अंश असल्याने निळ्या रंगावर एकट्याने विश्वास ठेवता येणार नाही. तपासणीच्या आदल्या दिवसात संबंध आला असेल तर तेही सांगा. काही ठिकाणी गर्भजलातलं प्रथिन ओळखणारी पट्टी असते, ती यापेक्षा भरवशाची. सोनोग्राफीत पाणी कमी दिसलं तर संशय वाढतो, पण पाणी पुरेसं दिसलं म्हणून बारीक गळती नाही असं म्हणता येत नाही. कळा सुरू नसताना वारंवार बोटाने तपासणं टाळलेलं बरं, प्रत्येक तपासणीत जंतू वर ढकलले जातात. पहिली तपासणी स्पेक्युलमनेच करावी अशी विनंती तुम्ही करू शकता.

निघेपर्यंत ताप बघा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर ती तातडी आहे, तसंच वासाचं, पुवासारखं पाणी असेल तर. पाण्याला हिरवट किंवा काळपट रंग असेल तर बाळाने पोटात शी केली आहे. त्यात नेहमीच धोका असतो असं नाही, पण ठोके सतत पाहावे लागतात, म्हणून घरी थांबायचं नाही. पाण्यासोबत ताजं रक्त मिसळून येऊ लागलं तर क्वचित ते बाळाच्या रक्तवाहिनीचं असू शकतं. तिथे दहा मिनिटंही मोलाची असतात.

वाटेत एक प्रसंग येऊ शकतो: पाणी एकदम फुटणं. परवाच्या तपासणीत बाळाचं डोकं खाली बसलंय असं सांगितलं असेल तर धोका फार कमी. डोकं वर असेल, बाळ पायाळू किंवा आडवं असेल, किंवा पाणी जास्त असेल तर धारेसोबत नाळ खाली सरकू शकते. दोरीसारखं काही योनीत किंवा बाहेर लागलं तर ते आत ढकलू नका, ओढू नका. गुडघे आणि छाती टेकून, कंबर डोक्यापेक्षा उंच ठेवून थांबा आणि १०८ ला फोन करा. हॉस्पिटललाही कळवायला सांगा, म्हणजे ऑपरेशनची तयारी आधीच होईल. हा प्रसंग फारच क्वचित येतो, पण करायचं काय हे माहीत असलं पाहिजे.

तपासणीत पाणमोट शाबूत निघाली तर घरी येता येईल. पाणमोटीचे दोन थर असतात, त्यांच्यामध्ये साठलेलं थोडं पाणी एकदा बाहेर येऊन थांबल्याचंही दिसतं. पण त्यानंतर पुन्हा तसाच ओलेपणा आला तर 'काल तर तपासलंय' म्हणून गप्प बसू नका, पुन्हा पॅड लावा आणि पुन्हा दाखवा, त्याच रात्री सुद्धा. पहिल्या तपासणीत बारीक गळती सुटणं अशक्य नाही. कळांबाबत सांगायचं तर एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ मोजा. पाणी पिऊन, कूस बदलून, आडवं पडून ज्या विरून जातात त्या खोट्या कळा. पाच-पाच मिनिटांनी, पाऊण ते एक मिनिट टिकणाऱ्या, आणि तासभर वाढतच जाणाऱ्या कळा आल्या की निघायचं. तुमचं अंतर चाळीस मिनिटांचं आहे, म्हणून तुम्ही सात-आठ मिनिटांच्या अंतरावरच निघा. हॉस्पिटलचा नंबर, माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचा शेवटचा कागद एकाच पिशवीत, दाराजवळ ठेवा.